h किती घ्यायचा? आधी किमतीची थरथर मोजा

प्रश्न: मी मुंबईत एका बाँड डेस्कवर नुकताच रुजू झालोय. ७ टक्के कूपन, सहामाही व्याज, १० वर्षांचा बाँड, यील्डही ७ टक्के. यील्डनुसार किंमत किती वेगाने बदलते ते ऑफिसच्या प्राइसिंग फंक्शनवरून (f(y+h)-f(y))/h असं काढतोय. कॉलेजात शिकलो होतो की h शून्याकडे नेला की उत्तर बरोबर येतं. पण `1e-4` ला -710.0 येतं, `1e-6` ला -700, `1e-7` ला -1000 आणि `1e-8` ला चक्क शून्य. कोडमध्ये चूक सापडत नाही. मग h नेमका किती घ्यायचा?

उत्तर:

तुमच्या कोडमध्ये चूक नाही. तुम्ही दिलेल्या चार आकड्यांतच सगळा उलगडा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. प्रत्येक उत्तराला त्याच्या h ने गुणून बघा. 700 गुणिले `1e-6` म्हणजे ०.०००७. 1000 गुणिले `1e-7` म्हणजे ०.०००१. 710 गुणिले `1e-4` म्हणजे ०.०७१०. किमतीतला फरक दर वेळी चार दशांशांवर थांबतोय, पाचवा अंक कुठेच नाही. म्हणजे ऑफिसचं फंक्शन किंमत परत देण्याआधी ती चार दशांशांपर्यंत गोल करतंय. हे डबल प्रिसिजनचं काम नव्हे. डबलमध्ये १०० च्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांत साधारण `1.4e-14` इतकंच अंतर असतं, त्यामुळे त्याचा त्रास h इतका मोठा असताना सुरू होत नाही. आकडे असे गुळगुळीत, गोल दिसले की मी सगळ्यात आधी फंक्शनच्या शेवटच्या ओळीत `round(..., 4)` शोधतो. तुम्हालाही ते तिथेच किंवा किंमत साठवणाऱ्या टेबलाच्या व्याख्येत सापडेल.

आता h च्या गोष्टीकडे येऊ. वाशीच्या बाजारात ट्रक काट्यावर चढतो ते पाहिलं असेल. समजा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो आणि तुम्हाला कांद्याच्या एका गोणीचं वजन हवंय. ट्रक गोणीसकट तोलला, गोणी उतरवून पुन्हा तोलला आणि वजाबाकी केली, तर उत्तर कधी पन्नास येईल, कधी साठ. दोन मोठे, जवळजवळ सारखे आकडे वजा करताना काट्याची सगळी कसर त्या छोट्याशा फरकात उतरते. हेच चाळीस गोण्या उतरवून तोललं आणि चाळीसने भागलं, तर काट्याची तीच कसर चाळीस गोण्यांत वाटली जाते. पण आता दुसरी अडचण येते: सगळ्या गोण्या सारख्या भरलेल्या नसतात, त्यामुळे मिळते ती सरासरी, तुमच्या त्या एका गोणीचं वजन नव्हे. h लहान ठेवला तर पहिली अडचण, मोठा ठेवला तर दुसरी.

तुमच्या सूत्रात दुसरी अडचण म्हणजे ट्रंकेशनची चूक. किंमत-यील्डची रेषा सरळ नसून वाकलेली आहे, म्हणून h अंतरावरचा उतार हा नेमका त्या बिंदूवरचा उतार नसतो. फरक साधारण h/2 गुणिले दुसरा विकलज इतका असतो. पहिली अडचण म्हणजे राउंडिंगची चूक. फंक्शन परत देतं ती प्रत्येक किंमत जास्तीत जास्त e इतकी चुकलेली असेल, तर दोन किमतींच्या वजाबाकीत 2e पर्यंत चूक येते आणि h ने भागल्यावर ती 2e/h होते. दुसऱ्या विकलजाच्या मूल्याला M2 म्हणू:

```
E(h) = (h/2)*M2 + 2*e/h
h*   = 2*sqrt(e/M2)
E(h*) = 2*sqrt(e*M2)
```

h* हा बेरीज सगळ्यात कमी होण्याचा बिंदू. तिथे दोन्ही चुका अगदी समान असतात.

तुमचा बाँड नेमका पारवर आहे, म्हणजे कूपन आणि यील्ड सारखंच. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण अशा बाँडचे विकलज हाताने काढता येतात. पहिला -710.6202, दुसरा सुमारे 6430 आणि तिसरा सुमारे -64450. (100 ने भागलं तर ओळखीचे आकडे दिसतील: मॉडिफाइड ड्युरेशन ७.११, कॉन्व्हेक्सिटी ६४.३.) चार दशांशांपर्यंत गोल केलेल्या किमतीत e म्हणजे ०.००००५. सूत्रात घातलं तर h* येतो `1.8e-4`, म्हणजे जेमतेम पावणेदोन बेसिस पॉइंट. आणि त्या सर्वोत्तम जागीही वाइटात वाईट चूक १.१ इतकी, म्हणजे ७१० वर सुमारे ०.१६ टक्के. गोल केलेल्या किमतीतून फॉरवर्ड डिफरन्सने याहून चांगल्या उत्तराची हमी मिळत नाही, h काहीही घ्या.

मी तुमचं फंक्शन घरी बनवलं, शेवटी चार दशांशांचं राउंडिंग लावलं आणि h दहा-दहा पटींनी खाली आणला. डावीकडे तुमचं फॉरवर्ड, उजवीकडे सेंट्रल डिफरन्स, म्हणजे (f(y+h)-f(y-h))/(2h):

```
h        forward     central
1e-2     -679.52     -711.695
1e-3     -707.40     -710.60
1e-4     -710.00     -710.50
1e-5     -710        -710
1e-6     -700        -700
1e-7     -1000       -1000
1e-8      0           0
```

फॉरवर्डचा स्तंभ वरून खाली वाचा. `1e-2` ला उत्तर ३१ ने कमी आहे, कारण शंभर बेसिस पॉइंटांत रेषा चांगलीच वाकते. `1e-3` ला चूक ३.२ वर येते, म्हणजे h दहापट घटला आणि चूकही जवळजवळ दहापट घटली. इथपर्यंत कॉलेजात शिकलेलं तंतोतंत खरं ठरतं. `1e-4` ला चूक ०.६२ आहे. त्यातली ०.३२ ट्रंकेशनची आणि ०.३० राउंडिंगची, म्हणजे दोघींचं पारडं समसमान. त्याखाली राउंडिंगचंच राज्य. `1e-8` ला किंमत खरं तर सात दशलक्षांश रुपयाने बदलते, पण चार दशांशांत ती 100.0000 च राहते, म्हणून शून्य.

`1e-5` ला -710 आलंय म्हणून तो h चांगला असं मात्र समजू नका. तिथे चूक दहापर्यंत जाऊ शकते. या बाँडसाठी त्या h ला किमतीतला खरा फरक ०.००७१०५९ आहे, तो योगायोगाने ०.००७१ च्या अगदी शेजारी पडतो. दुसऱ्या एखाद्या बाँडचा फरक ०.००७१५ असता, तर कधी 710 आणि कधी 720 आलं असतं, तेही यील्डमध्ये किरकोळ बदल झाल्याबरोबर. एका बाँडवर एकदा बरोबर आलेल्या h वर विसंबून लोक सगळा पोर्टफोलिओ त्यातून काढतात, आणि इथेच फसतात.

सेंट्रलचा स्तंभ वेगळं सांगतो. दोन्ही बाजूंनी सारखं अंतर घेतलं की रेषेचा वाक, म्हणजे दुसऱ्या विकलजाचा भाग, वजाबाकीत आपोआप कटतो. उरते ती h²/6 गुणिले तिसरा विकलज. राउंडिंगचा भाग e/h होतो, कारण 2e ला आता 2h ने भागतो. तिसऱ्या विकलजाच्या मूल्याला M3 म्हटलं तर:

```
E(h) = (h*h/6)*M3 + e/h
h*   = (3*e/M3)**(1/3)
```

तुमचे आकडे घातले की h* येतो `1.3e-3`, म्हणजे तेरा बेसिस पॉइंट, आणि तिथे वाइटात वाईट चूक ०.०६ च्या आत. तक्त्यात दहा बेसिस पॉइंटला -710.60 आहे, खरं उत्तर -710.62. फॉरवर्डच्या उत्तम चुकीपेक्षा ही वीसपट कमी, आणि f(y) आधीच काढलेली असली तरी खर्च फक्त एका जास्तीच्या किमतीचा. ज्याला फक्त एक ओळ वाचून पळायचंय त्याच्यासाठी: राउंडिंग काढता येत नसेल, तर सेंट्रल वापरा आणि h दहा बेसिस पॉइंटच्या आसपास ठेवा.

हे वाचून माझ्या टीममधल्या मुलांना नेहमी आश्चर्य वाटतं, कारण त्यांच्या मते दहा बेसिस पॉइंट फार मोठं पाऊल असतं. पण पाऊल मोठं की लहान हे h कडे बघून ठरत नाही. ते e आणि M3 मिळून ठरवतात. त्यातही घनमूळ आहे, म्हणून M3 चा अंदाज दहापट चुकला तरी h* फक्त दोन-सव्वादोन पटच हलतो. म्हणून M3 अगदी ढोबळ काढला तरी चालतो. कॉन्व्हेक्सिटी माहीत असते, तिच्यावरून किंवा एखाद्या मोठ्या h वरून M3 चा मासला घ्या.

पुढे जाण्याआधी एक खुलासा हवा, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे. तुम्हाला खरोखर विकलज हवाय का? रिस्कच्या अहवालात PV01 असा रकाना असेल आणि तुमच्याकडे त्याची व्याख्या ‘यील्ड एका बेसिस पॉइंटने हलली तर किंमत किती हलते’ अशी असेल, तर h निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. h व्याख्येनेच दिलाय, तो `1e-4`. तिथे ट्रंकेशन ही चूक नसून त्या आकड्याचाच भाग आहे, आणि फक्त राउंडिंगची काळजी घ्यायची. दोन ठिकाणचे आकडे जुळत नाहीत म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत बऱ्याचदा एकाने विकलज काढलेला असतो आणि दुसऱ्याने एका बेसिस पॉइंटचा फरक. दोघेही बरोबर असतात.

विकलजच हवा असेल, तर पहिलं काम h शोधण्याचं नाही. पहिलं काम ते राउंडिंग काढण्याचं. गोल केलेली किंमत स्क्रीनवर दाखवायला आणि व्यवहाराच्या नोंदीला ठीक आहे, पण पुढच्या गणिताला ती देऊ नका. फंक्शनला पूर्ण अंकांची किंमत देणारा एक दरवाजा बहुतेक वेळा असतो. तो मिळाला की चित्र पार बदलतं. एका बेसिस पॉइंटच्या सेंट्रल डिफरन्सने -710.62027 येतं. खऱ्या उत्तरापासून फरक फक्त ०.०००१, म्हणजे ७१० वर काहीच नाही. इथे मी आणखी लहान h शोधत बसत नाही. दोन्ही चुका कामापुरत्या लहान झाल्या, की h* च्या नेमक्या आकड्याला महत्त्व उरत नाही.

तरी डबल प्रिसिजनमध्ये तळ कुठे आहे ते एकदा बघून ठेवा, कारण त्यात एक गोष्ट आहे जी मला स्वतःला फार उशिरा कळली. हे साधं फंक्शन घ्या:

```python
def price(y, c=7.0, n=20):
    r = y / 2
    s = sum(c/2 / (1+r)**k for k in range(1, n+1))
    return s + 100 / (1+r)**n
```

पुस्तकी पद्धतीने e किती धरायचा? किंमत १०० च्या घरात आहे, तिथे शेजारच्या दोन डबल आकड्यांत अंतर `1.4e-14`, म्हणून e ही तेवढाच असं कुणीही म्हणेल. पण `1+r` या बेरजेकडे बघा. उत्तर 1.035 आहे. 1 आणि 2 च्या मध्ये डबल आकडे `2.2e-16` अंतरावर बसलेले असतात, म्हणून r मधला त्याहून बारीक भाग बेरजेत गळून पडतो. r तिथे `1.1e-16` पर्यंत चुकू शकतो. आता सहामाही दर r नुसार या किमतीचा उतार आहे 1421. म्हणजे त्या एकाच बेरजेमुळे किंमत `1.6e-13` इतकी चुकू शकते, शेवटच्या अंकाच्या दहापटीहून जास्त. e हा उत्तराच्या शेवटच्या अंकावरून ठरत नाही. फंक्शनच्या आत कुठल्या तरी पायरीवर अंक गळतात आणि पुढचा उतार ती गळती वाढवतो.

`1.6e-13` धरला तर सेंट्रलचा h* साधारण `2e-6` येतो, फॉरवर्डचा `1e-8`. आणि h अगदी `1e-16` पर्यंत नेला तर? तिथे `1+r` एक तर जागचं हलतच नाही आणि उत्तर शून्य येतं, किंवा ते पुढच्या डबल आकड्यावर उडी मारतं आणि उतार खऱ्याच्या चौपटीहून जास्त दिसतो. दोन्हींपैकी काय होईल ते यील्ड नेमकी कुठे आहे यावर ठरतं. तुम्ही `1e-8` ला जे शून्य पाहिलंत तोच हा प्रकार, फक्त आठ घरं खाली.

आता मूळ अडचण. फंक्शन आपलं नसलं, आत काय चाललंय ते दिसत नसलं, तर e कसा कळायचा? मी तो मोजतो. यील्ड अगदी थोड्या, समान अंतराने सरकवत सात-आठ किमती काढायच्या आणि लागोपाठच्या फरकांचे पुन्हा फरक घ्यायचे. खरी रेषा इतक्या जवळून सरळच असते, म्हणून दुसऱ्या फरकात तिचा वाटा जवळजवळ शून्य होतो. जे उरतं ती फंक्शनची थरथर. तुमच्या बाँडवर d = `3e-6` अंतराने:

```
किंमत       पहिला फरक   दुसरा फरक
100.0000
 99.9979    -0.0021
 99.9957    -0.0022     -0.0001
 99.9936    -0.0021     +0.0001
 99.9915    -0.0021      0.0000
 99.9893    -0.0022     -0.0001
 99.9872    -0.0021     +0.0001
```

शेवटचा स्तंभ बघा. खऱ्या रेषेचा दुसरा फरक इथे `6e-8` च्या आत असायला हवा. दिसतोय तो ०.०००१ चा खेळ, कधी वर, कधी खाली. म्हणजे e हा ०.०००१ च्या अर्ध्याइतका, ०.००००५. फंक्शनचा कोड उघडायचीही गरज पडली नाही.

यात एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलेलो आहे. हीच चाचणी d = `1e-9` ने केलीत तर सातही किमती 100.0000 येतील, सगळे फरक शून्य येतील आणि वाटेल की थरथर नाहीच. राउंडिंग हा जिना असतो. एकाच पायरीवर उभं राहून सात वेळा उंची मोजली तर ती सारखीच भरणार. म्हणून d एवढा हवा की प्रत्येक पावलाला किंमत निदान काही पायऱ्या तरी उतरेल. पहिल्या फरकात शून्य किंवा तोच तो आकडा सलग येत असेल तर d दहापट वाढवा. उलट दुसरे फरक एकाच चिन्हाचे आणि जवळजवळ सारखे येत असतील, तर रेषेचा वाक मध्ये येतोय, d कमी करा.

राउंडिंगपेक्षा अवघड थरथर सॉल्व्हरची असते. काही वर्षांपूर्वी फोर्टातल्या एका ऑफिसात मी स्वॅप आणि बाँडांची पुस्तकं सांभाळत होतो. तिथे किंमत थेट यील्डवरून येत नसे. आधी बाजारभावांना जुळणारा वक्र बसवला जाई, त्यासाठी आत एक पुनरावृत्ती चाले, आणि जुळणीतली तफावत शंभर रुपयांमागे ०.००१ च्या खाली गेली की ती थांबे. विकलज काढायला कुणीतरी दशांश बेसिस पॉइंटचा h ठेवला होता, हेतू चांगला होता, बारीक पाऊल म्हणजे अचूक उत्तर. रोज सकाळी संवेदनशीलता दहा-दहा टक्क्यांनी इकडेतिकडे उडायची आणि आम्ही बाजारात कारणं शोधायचो.

तो हिशेब आता करून बघा. `1e-5` च्या सेंट्रल डिफरन्समध्ये तुमच्यासारख्या बाँडच्या दोन किमतींत फरक ०.०१४२. दोन्ही किमती ०.००१ ने चुकू शकतात, म्हणजे फरकात ०.००२ ची चूक, आणि ती झाली १४ टक्के. पण ही थरथर राउंडिंगसारखी सर्वत्र विखुरलेली नव्हती. बऱ्याच वेळा दोन्ही बाजूंना सॉल्व्हर सारख्याच फेऱ्यांत थांबायचा, दोन्ही किमती सारख्याच चुकायच्या आणि वजाबाकीत चूक कटून जायची. एखाद्या दिवशी एका बाजूला पाच फेऱ्या लागायच्या आणि दुसऱ्या बाजूला सहा, त्या दिवशी आकडा उडायचा. म्हणून चाचणी एका दिवशी केली तर सगळं स्वच्छ दिसे. शेवटी प्रत्येक किमतीसोबत फेऱ्यांची संख्या छापली, तेव्हा कारण समोर आलं.

तिथे h मोठा करणं हा अर्धाच उपाय होता. खरा उपाय दोन ओळींचा: थांबण्याची मर्यादा `1e-10` केली आणि h एका बेसिस पॉइंटवर आणला. न्यूटनच्या पद्धतीत उत्तराजवळ प्रत्येक फेरीला बरोबर अंक साधारण दुप्पट होतात, त्यामुळे इतकी कडक मर्यादासुद्धा एक-दोन फेऱ्यांतच गाठली जाते. ज्या सॉल्व्हरची मर्यादा कडक करता येत नाही, तिथे दोन्ही बाजूंना फेऱ्यांची संख्या सारखी बांधून टाका आणि सुरुवातही एकाच अंदाजापासून करा. चूक मग राहते, पण दोन्हीकडे सारखी राहते.

म्हणून माझा क्रम असा असतो. आधी ठरवायचं की विकलज हवा की ठरावीक हालचालीचा परिणाम. मग थरथर मोजायची, तिचं कारण काढता येत असेल तर काढायचं. मग सेंट्रलचा h* ढोबळ काढायचा आणि शेवटी h* च्या दोन्ही बाजूंना तिप्पट-तिप्पट जाऊन उत्तर जागेवर राहतं का ते पाहायचं. राहिलं नाही, तर e किंवा M3 यांपैकी एकाचा अंदाज चुकलाय. h वाढवल्यावर उत्तर एकाच दिशेने, हळूहळू सरकत असेल तर ती ट्रंकेशन. h कमी केल्यावर उत्तर दोन्ही दिशांना उड्या मारत असेल तर ती थरथर. या दोन हालचाली डोळ्यांना इतक्या वेगळ्या दिसतात की एकदा आलेख काढून पाहिलात की पुन्हा चुकणार नाही.

तुम्ही आज ना उद्या याच फंक्शनवरून कॉन्व्हेक्सिटी काढाल, म्हणून तेही सांगून ठेवतो. दुसऱ्या विकलजात h² ने भागायचं असतं, त्यामुळे थरथर फार जोरात वर येते. सूत्र (f(y+h)-2f(y)+f(y-h))/h², राउंडिंगची चूक 4e/h² पर्यंत, ट्रंकेशन h²/12 गुणिले चौथा विकलज. तुमच्या बाँडचा चौथा विकलज सुमारे सात लाख आहे. त्यावरून h* येतो सुमारे `7.7e-3`, म्हणजे ७७ बेसिस पॉइंट. पहिल्या विकलजाला जो एक बेसिस पॉइंट बरा वाटला, तोच इथे वापरून बघा: वरची किंमत 99.9290, खालची 100.0711, बेरीज 200.0001, त्यातून 200 वजा, उरलं ०.०००१, भागिले `1e-8`. उत्तर दहा हजार. खरं उत्तर 6430. दहा बेसिस पॉइंटला 6400 येतं आणि शंभर बेसिस पॉइंटला 6435.

एकाच फंक्शनवरून पहिला आणि दुसरा विकलज एकाच h ने काढणारा कोड मी खूप ठिकाणी पाहिलाय. दोघांचे h वेगळे ठेवा.

आणि हे सगळं रेषा गुळगुळीत असेल तोवरच खरं. बाँडमध्ये कॉल किंवा पुट असेल आणि तुमच्या ±h च्या पट्ट्यात कुठे किमतीच्या रेषेला कोन पडत असेल, तर M2, M3 यांना तिथे अर्थच उरत नाही. सेंट्रल डिफरन्स कोनाच्या दोन्ही बाजूंच्या उतारांची सरासरी देतो, जी कुठल्याच बाजूची नसते. अशा बाँडला मी फॉरवर्ड आणि बॅकवर्ड दोन्ही उतार वेगवेगळे काढतो. गुळगुळीत रेषेत त्यांच्यातला फरक h गुणिले M2 इतका यायला हवा, तुमच्या बाँडला दहा बेसिस पॉइंटवर सुमारे ६.४. त्याहून बराच मोठा आला तर पट्ट्यात कोन आहे. `round` काढल्यावर तुमच्या फंक्शनवर हा फरक किती येतो ते बघून इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगता येईल.